दिव्याभोवतीचं कडं

अंड्यांच्या गोदामात तिला सगळे आरपार मावशी म्हणत. एकवीस वर्षं ती एकच काम करत आली होती. खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेली एक खोली, तिच्यात पत्र्याचा डबा, डब्यात दिवा आणि डब्याला रुपयाएवढं भोक. त्या भोकासमोर अंडं धरायचं, मनगटाला हलका झटका देऊन फिरवायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. टोकाला हवेची छोटी पोकळी आणि मधोमध पिवळ्या बलकाची अंधूक सावली दिसली की अंडं चांगलं. लाल ठिपका दिसला की रक्ताचं. केसासारखी रेघ दिसली की तडकलेलं. आणि आत नुसता काळोख असला की सडकं. सडकं अंडं ती दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून बादलीत सोडायची, जणू दुसऱ्या कुणाची कवळीच उचलावी लागली आहे.

मावशीला घाणीची भारी किळस. अशा बाईनं अंड्यांच्या गोदामात जन्म काढावा याचं सगळ्यांना हसू यायचं.

"मावशी, तुम्ही अत्तराच्या दुकानात शोभला असता," मुकादम म्हणायचा.

"तुम्ही जे लावून येता ते अत्तर असेल, तर मला हेच बरं," मावशी म्हणायची.

पण खरी गोष्ट अशी, की किळस होती म्हणूनच ती आपल्या कामात पक्की होती. सडक्या अंड्याचा वास कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सुटेल, कुणाचं तरी भांडं बरबटेल, या कल्पनेनंच तिच्या अंगावर काटा यायचा. त्यामुळे तिच्या हाताखालून वाईट अंडं पुढे गेलंय असं एकवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. पुढे बांधणीच्या टेबलावर तिची सूनच उभी असायची. तिनंही म्हटलं नव्हतं, आणि सून काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

गेले दोन महिने मात्र मावशी एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होती. तासभर अंधारात काम झालं, की दिव्याभोवती कडं दिसू लागायचं. आत निळसर, बाहेर लाल, मध्ये बाकीचे रंग. साबणाच्या फुग्यावर असतात तसे, पण घाणेरडे. तिला ते रंग सांडलेल्या तेलावर पाणी पडल्यासारखे वाटायचे. मग उजव्या भुवईच्या वर ठसठसायला लागायचं आणि अंडं धुक्यात धरल्यासारखं दिसायचं. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर उन्हात जाऊन बसली, की अर्ध्या-पाऊण तासात कडं नाहीसं व्हायचं, ठसठसही थांबायची.

याचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला होता. सडक्या अंड्यांचा वायू खोलीत साठतो आणि डोळ्यांत जातो. बाहेरच्या हवेत तो निघून जातो. हिशोब अगदी सरळ होता, आणि म्हणूनच तिला तो खरा वाटला. ऊन आणि अंधार यांचा त्यात काही हात असेल, असं तिच्या मनात कधी आलं नाही. तिनं दिवा पुसला, डबा घासला, बादलीला झाकण करून घेतलं. चष्मा तर दिवसातून दहादा पुसायची. तिचा चष्मा जाड होता, अधिक नंबरचा, त्याच्यामागे तिचे डोळे एवढे मोठे दिसायचे, की सून म्हणायची, "आई, तुम्ही नुसतं बघितलंत तरी ओरडल्यासारखं वाटतं."

मुकादमाला सांगायची सोय नव्हती. दृष्टी अधू झालेल्या बायकांना तो धुलाईवर टाकायचा. धुलाईवर म्हणजे कोंबड्यांची विष्ठा, चिकटलेली पिसं आणि फुटलेल्या अंड्यांचा बुळबुळीत गाळ. दिवसभर त्यात कोपरापर्यंत हात. मावशीला नुसत्या विचारानंच शिसारी यायची. शिवाय दिव्याची खुर्ची सोडायची म्हणजे आरपार मावशी हे नावही तिथंच सोडायचं. तेव्हा ती गप्प राहिली.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला कडं आलं, ते नेहमीपेक्षा मोठं होतं. लाल रंग सगळ्या अंड्यांवर उतरल्यासारखा झाला. तिला एकामागून एक रक्ताची अंडी दिसू लागली, आणि ती बाजूला काढत सुटली. रक्ताच्या टोपलीत चांगली अंडी चढत गेली. मग तिला संशय आला आणि तिनं उलट केलं. मनाशी म्हणाली, हे डोळ्यांतल्या वायूचे खेळ आहेत, लाल दिसलं तरी पुढे सोडायचं, काळं दिसलं तरी नीट बघायचं. उजवा डोळा भोकाजवळ नेऊन ती बघत राहिली. पण नीट दिसतच नव्हतं. आणि तिनं ती अंडी पुढे सोडली.

दहाच्या आत बाहेरून सुनेचा आवाज आला. आवाज म्हणजे किंकाळी नव्हती. घशाशी आलेलं आत ढकलताना माणूस जो काढतो, तसला आवाज होता.

बांधणीच्या टेबलावर अंडं फुटलं होतं. आतून हिरवट काळं पाणी सुनेच्या मनगटावरून बाहीत गेलं होतं. वास असा, की टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या दोघी पदर तोंडाला लावून दाराकडे पळाल्या. मावशी काळा पडदा सारून बाहेर आली आणि तो हात तिनं पाहिला. हे आपण सोडलेलं अंडं आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"आई, हे तुमच्या हातून आलंय?" सून हात अंगापासून लांब धरून म्हणाली. तिच्या स्वरात राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं.

"रक्ताची टोपली बघा," मुकादम मागून म्हणाला. तो टोपलीतली अंडी आपल्या हातातल्या बॅटरीवर धरून बघत होता. "हे चांगलं. हेही चांगलं. मावशी, आज काय नशापाणी केलंय का?"

मावशीला स्वतःचीच किळस आली. सुनेच्या हातावरची घाण आपल्याच अंगावर सांडल्यासारखी वाटली. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात उजव्या डोळ्यात कुणीतरी अंगठा खुपसून आत दाबतंय अशी कळ आली. कळ डोळ्यातून कपाळात, कानशिलात, खाली दाढांत गेली. आणि ती तिथंच, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर ओकली. एवढ्या वर्षांत इतरांच्या ओकाऱ्यांना नाक मुरडणारी मावशी.

"वास लागला," मुकादम म्हणाला. "पोत्यांच्या खोलीत न्या."

वास लागणं हा त्या गोदामातला जुना आजार होता आणि त्यावरचा इलाजही तितकाच जुना. नव्या बाईला सडक्या वासानं मळमळलं, की तिला पोत्यांच्या खोलीत नेत, दिवा मालवत, रिकाम्या पोत्यांवर पालथं झोपवत आणि डोळ्यांवर ओलं फडकं बांधत. तासाभरानं उठून ती कामाला लागे. कितीतरी जणी बऱ्या झाल्या होत्या. मावशीनं स्वतः कितीतरी जणींना तिथं पालथं घातलं होतं आणि वर सांगितलं होतं, "डोळे मिटून पड, उजेड बघू नकोस."

आता तिला दोघींनी तिथं पालथं घातलं. पोत्यांना कुबट वास येत होता. त्यांच्यावर कुणाकुणाची लाळ, कुणाचं तेलकट डोकं, कुठंतरी उंदरानं केलेली घाण. फडकं ओलं होतं, पण कशात भिजवलं होतं कोण जाणे. नाक त्या पोत्यात खुपसून पडण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं. अंधार झाला. आणि आजवरच्या बायकांना त्या अंधारात बरं वाटायचं, मावशीला मात्र उलटंच होऊ लागलं. डोळा फुगतोय, दगडासारखा होतोय, खोबणीत मावत नाही, असं वाटू लागलं. ती दोनदा पुन्हा ओकली. दुसऱ्या खेपेला बाजूला वळण्याचं त्राण उरलं नाही.

सून तासाभरानं आली. हात साबणानं सात वेळा धुतले तरी तिच्या बाहीला वास होताच.

"आई, उठताय का?"

"माझा डोळा काढून टाका," मावशी म्हणाली.

सुनेनं मुकादमाला न विचारता तिला उठवलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर काहीतरी चघळत होता. टेबलावर उघडा डबा, डब्याशेजारी वापरलेली सुई, सुईशेजारी त्याचा रुमाल. अंड्यांच्या गोदामातून आलोय, हे ऐकताच त्याला सगळं समजलं.

"खराब अंडं खाल्लं असणार."

"खाल्लं नाही, फुटलं," सून म्हणाली. "आणि यांचं डोकं दुखतंय. डोळा दुखतोय म्हणतात."

"ओकून ओकून दुखणारच. पोट पिळवटतं, त्याचा ताण डोक्यावर येतो." त्यानं मावशीच्या पोटावर दोन बोटं दाबली. डोळ्यांवरचं फडकं उचलून पाहिलं नाही. पोटातला पीळ सोडवणारं इंजेक्शन त्यानं दिलं, बोट कोटाला पुसलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. "अंधारात पडून राहू द्या."

बाहेर बाकावर मावशी भिंतीला डोकं टेकून बसली. इंजेक्शनानं तोंड कोरडं पडलं. डोळ्याची कळ तसूभर कमी झाली नाही, उलट वाढली. सुनेनं आपली ओढणी नळाखाली भिजवली आणि तिच्या हनुवटीवरची, गळ्यावरची ओकारी पुसायला घेतली. सासूचं तोंड असं पुसायची वेळ तिच्यावर पूर्वी आली नव्हती. तिनं श्वास रोखून धरला होता, हे मावशीला कळत होतं, आणि त्या पोरीच्या हाताला आपली घाण लागतेय याची लाज ओकारीपेक्षा वाईट होती.

"राहू दे गं. घाण आहे."

"सकाळपासून तुमचीच घाण अंगावर आहे, आणखी थोडी," सून म्हणाली. "फडकं काढते हं. डोळ्यात अंड्याचं काही उडालंय का बघू दे."

"उडालं नाही. आधीपासूनच आहे ते. दिव्याला कडं येतं."

"कसलं कडं?"

"रंगाचं. दोन महिने झाले."

सुनेनं ओली ओढणी खांद्यावर टाकली. मग तिनं फडकं उचललं.

उजवा डोळा लाल झाला होता, बुबुळाच्या कडेनं तर जास्तच. बुबुळ नेहमीसारखं चकचकीत नव्हतं; थंड खोलीतून गरम हवेत आणलेल्या अंड्याला घाम येतो, तसं वाफाळलेलं, मळकट दिसत होतं. सुनेच्या खिशात बांधणीवरची छोटी बॅटरी होती, शंका आली की अंडं तपासायला ठेवलेली. तिनं ती आधी डाव्या डोळ्यावर धरली. बाहुली झटकन लहान झाली. मग उजव्यावर. उजवी बाहुली मध्यम उघडी होती, थोडी लांबट, आणि तशीच राहिली. सुनेनं पुन्हा धरली. हलली नाही.

"काय दिसतंय?" मावशीनं विचारलं.

"तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. ही बोटं किती?"

मावशीनं डावा डोळा हातानं झाकला. समोर दुधाच्या भांड्यात बघितल्यासारखं पांढरट होतं. त्यात काहीतरी हललं.

"हात आहे," ती म्हणाली. "तुझा हात आहे, एवढं कळतं."

सुनेनं तिला उठवून गोदामाकडे परत आणलं. अंडी पोचवायची गाडी गोदामाच्या दाराशी भरायला लागली होती. तिनं ड्रायव्हरला अर्धवट भरलेल्या क्रेटसकट निघायला लावलं. मुकादम मागून काही ओरडत होता, ती म्हणाली, "तुमची अंडी परत येतील. यांचा डोळा नाही आला तर तुम्ही देणार आहात का?"

डोळ्यांच्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या बाईनं आधी नंबर घ्या म्हणून सांगितलं, पण डोळा पाहिल्यावर स्वतःच उठून आत गेली. पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. बधिर करणारा थेंब, मग एक पिवळा थेंब, मग निळा उजेड डोळ्याला टेकेल इतका जवळ. मावशीला शिसारी आली, पण ती हलली नाही. डोळ्यांची डॉक्टर ठेंगणी, सावकाश बोलणारी बाई होती. मुलांना गणित शिकवणाऱ्या शिक्षिका बोलतात तसं ती बोलायची, आणि तिचे हात स्वच्छ होते. मावशीनं ते पहिल्यांदा पाहिलं.

"डोळ्यातला दाब साधारण वीसच्या आत असतो," ती म्हणाली. "तुमच्या उजव्या डोळ्यात अठ्ठावन्न आहे. कधीपासून दुखतंय?"

"दहाच्या आधीपासून," सून म्हणाली. आता दीड वाजत आला होता.

"सल्फाच्या गोळ्यांचं कधी अंगावर उठलं होतं का? मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार?"

नव्हता. हाताला सुई लागली, सलाईन सुरू झालं, एक इंजेक्शन गेलं, डोळ्यात थेंबांमागून थेंब पडले. मावशीला उताणं झोपवलं. उशी नको, असंच, आणि खोलीतला दिवा लावूनच ठेवला. आता वाट बघायची होती, आणि वाट बघता बघता डॉक्टर स्टूल ओढून बसली, कारण सुनेनं विचारलं होतं की हे सडक्या वासानं झालं का.

"वासाचा काही संबंध नाही. तुम्ही अंडी बघता ना? मग समजेल. डोळा पोकळ नसतो, आत पाणी असतं, अश्रूंचं नव्हे, वेगळं. ते रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, पडद्याच्या मधल्या भोकातून, म्हणजे बाहुलीतून, पुढे येतं आणि पडदा जिथं पुढच्या काचेला मिळतो त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. रोज येतं, रोज जातं. मोरीच्या जाळीसारखं."

"मोरी म्हणू नका," मावशी डोळे मिटून म्हणाली. "पोटात ढवळतं."

"बरं, पन्हाळ म्हणू. आता तुमचा चष्मा अधिक नंबरचा. असे डोळे मुळात आखूड असतात, पुढे जागा कमी. वयानं आतलं भिंग जाड होतं, जागा आणखी कमी होते. अंधारात बाहुली अर्धवट उघडली, की पडदा मागच्या भिंगाला चिकटून बसतो आणि पाण्याची वाट अडते. मागे पाणी साठतं आणि वाऱ्यानं पडदा फुगतो तसा हा पडदा पुढे फुगतो. फुगून कोपऱ्यातल्या जाळीवरच जाऊन बसतो. आता पाणी तयार होणं थांबत नाही, पण बाहेर जायची वाट बंद. दाब चढत जातो. हाच अचानक येणारा काचबिंदू."

"आणि ते कडं?"

"दाबानं पाणी पुढच्या काचेत शिरतं, काच सुजते. वाफ धरलेल्या काचेतून दिवा बघितला की रंगांचं कडं दिसतं, तसं. उन्हात बाहुली लहान व्हायची, पडदा ताणला जाऊन कोपऱ्यातून मागे सरायचा, वाट मोकळी व्हायची, म्हणून कडं जायचं. दोन महिने डोळा तुम्हाला सांगत होता."

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूनं पाहिलं नाही.

"यांना अंधारात पालथं झोपवलं होतं," सून म्हणाली. "तासभर. डोळ्यांवर फडकं बांधून."

डॉक्टर म्हणाली, "पालथं झोपलं की भिंग पुढे येतं. अंधारात बाहुली उघडते. असा डोळा मुद्दाम बंद पाडून बघायचा असला, तर आम्ही नेमकं तेच करायला सांगू."

"आणि पोटाचं इंजेक्शन दिलं."

"त्यानंही बाहुली पसरते." एवढंच ती म्हणाली, पण कपाळाला आठी पडली होती.

उताणी पडलेल्या मावशीला आता ओकारी येत नव्हती. त्या पोत्यांवर आपण कुणाकुणाला घातलं ते ती आठवत होती. चष्मेवाली एक होती, तीनदा आडवी पडली होती आणि नंतर कामावर आलीच नाही. तिचं काय झालं, हे कुणी विचारलं नव्हतं. मावशीनंही नाही.

"डोळा राहील का?" तिनं विचारलं. सकाळपासून तोच एक प्रश्न होता, पण तो तोंडातून निघाला तो आत्ता.

"दाब उतरला की सांगते. एवढ्या दाबाखाली मागची नस चेंगरते. जितके तास, तितकी जास्त. नसेचं गेलेलं परत येत नाही."

तासाभरानं दाब छत्तीस झाला. मग बाहुली आवळणारे थेंब घातले. ते आधी घालून उपयोग नसतो, दाबाखाली बाहुलीचा स्नायू ऐकत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. संध्याकाळी पाचला तो बावीसवर आला. कळ गेली होती, आणि ती गेल्यावर मावशीला एकदम स्वतःचा वास आला: पोत्यांचा, ओकारीचा, घामाचा. ती म्हणाली, "मला आधी आंघोळ हवी." सून हसली आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि नाक ओढणीला पुसलं. तीच ओढणी.

"त्या ओढणीला नको पुसूस," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काच निवळल्यावर उजव्या डोळ्याच्या पडद्याला लेझरनं कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलं. मागचं पाणी आता बाहुली अडली तरी त्या भोकातून पुढे येईल, पडदा फुगणार नाही. चार दिवसांनी डाव्या डोळ्यालाही तसंच केलं. तो दुखत नव्हता, पण त्याचाही कोन तितकाच चिंचोळा होता आणि त्याचीही पाळी कधीतरी आलीच असती. प्रत्येक ठिणगीला टिचकी मारल्यासारखं वाटलं. मावशीला ते आवडलं नाही, पण किळसही आली नाही.

मुकादम घरी भेटायला आला तेव्हा नेहमीचंच अत्तर लावून आला होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही बऱ्या होऊन या, दिव्याची खुर्ची तुमचीच. फक्त डॉक्टरीणबाईंची एक चिठ्ठी आणा, नजर ठीक आहे म्हणून."

"आणि पोत्यांची खोली?"

"तिला काय झालं? इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं? ज्यांना झालं त्या परत आल्याच नाहीत," मावशी म्हणाली. "आणि मुकादम, मी दारं-खिडक्या उघडून बसलेय, तरी तुमचा वास जात नाही. बाहेर उभं राहून बोला."

तो बाहेर उभा राहिला. मावशीनं सांगितलं तसं त्यानं खोलीतली पोती त्याच आठवड्यात जाळली. निदान तसं सुनेनं सांगितलं. धूर तीन दिवस गोदामात कोंदला होता म्हणे, आणि सगळ्या खोकत होत्या.

सहा आठवड्यांनी नजरेच्या घेराची तपासणी होती. अंधारी खोली, आत पांढरा अर्धगोल कटोरा, हनुवटी टेकायला जागा. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. डावा डोळा झाला. डॉक्टरनं आकृती पाहिली आणि म्हणाली, तो पूर्ण आहे.

मग डावा झाकून उजवा. मावशीनं हनुवटी टेकली. तिला माहीत होतं की याच कागदावरून चिठ्ठी मिळायची आहे. ठिपके येऊ लागले: एक, मग एक, मग जरा वेळ काहीच नाही. त्या "काहीच नाही"मध्ये तिला भीती वाटली. एवढा वेळ ठिपका येत नसेल का? येत असणार, मलाच दिसत नसणार. तिनं बटण दाबलं. पुन्हा थोड्या वेळानं दाबलं. एका लयीत, अंदाजानं, अंडी सोडत गेली होती तशी.

"आजी," यंत्राशेजारची मुलगी हळू म्हणाली, "आत्ता दिवा नव्हता."

मावशीचा हात थांबला.

"मशीन मधे मधे नुसतं थांबतं, कुणी उगाच दाबतंय का बघायला. तुम्ही तीनदा दाबलंत. पुन्हा सुरू करू का?"

मावशीला कटोऱ्याच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तोंडाला सकाळच्या चहाची आंबूस चव आली, आणि तिला तिचाच असा वीट आला, जसा फुटलेल्या त्या अंड्याचाही आला नव्हता. सुनेच्या बाहीत गेलेलं ते हिरवट पाणी काही वायूनं सोडलं नव्हतं. दिसत नसताना दिसतंय म्हणणाऱ्या बाईनं सोडलं होतं.

"सुरू कर," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मुलीनं बटणं दाबली. कटोरा पुन्हा पांढरा झाला. खाली ठिपका चमकला, मावशीनं दाबलं. बाहेरच्या बाजूला चमकला, दाबलं. मग वर, नाकाच्या बाजूला, बराच वेळ काही आलं नाही. तिथं काहीतरी चमकत असणार, हे तिला यंत्राच्या बारीक टकटकीवरून कळत होतं. ती मधल्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि बोट बटणावर तसंच ठेवलं, न दाबता.